ज्याला भाषण पाठ होतं त्याचा निरोप

कारखान्यात कुणी निवृत्त झालं की निरोपाचं भाषण कोण करणार, हे विचारायची गरजच नव्हती. भाषणकाका! खरं तर ते हिशेबखात्यातले हेडक्लार्क, उंचीने बेताचे, आवाज मात्र खणखणीत. जाणारा ओळखीचा असो की नसो, काकांचं ठरलेलं: ‘हे म्हणजे आपल्या कारखान्याचा कणा. सदा हसतमुख. यांच्या जाण्याने निर्माण होणारी पोकळी...’ पुढचं तुम्हीच म्हणा. एक फोरमन तर जन्मात हसला नव्हता, त्यालाही काकांनी हसतमुख करून टाकलं. आणि तो रडला हो!

या वेळी वायरमन निघाला. ‘काका, शुक्रवारी दोन शब्द बोला,’ साहेब म्हणाले. काका ‘हो हो’ म्हणत जागेवर येऊन बसले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. अरे देवा! प्रत्येक निरोपाला माइक लावणारा हाच तर माणूस. काकांचं एकूणएक भाषण त्याने हातभर अंतरावरून ऐकलेलं. त्याला पुन्हा तोच कणा आणि तीच पोकळी कशी वाढायची? आणि नवं बोलायचं तर काय बोलायचं? इतकी वर्षं शेजारी उभा असलेल्या त्या माणसाबद्दल काकांना ओ की ठो ठाऊक नव्हतं.

मग चौकशी सुरू झाली. कँटीनवाला म्हणाला, ‘वायरमन? बोलायला लागला की थांबत नाही!’ वॉचमन म्हणाला, ‘त्याच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ.’ स्टोअरकीपरच्या मते तो जमदग्नी, आणि टायपिस्टबाईंच्या मते अगदी गरीब गाय. काकांचं डोकं भणभणलं. हा माणूस एक आहे की चार?

शेवटी ते वायरमनलाच गाठायला गेले. तो शिडीवर चढून दिवा बदलत होता.

‘तुमच्याबद्दल काय बोलू हो?’ काकांनी खालून विचारलं.

‘तुमचं नेहमीचं छान असतं की,’ तो वरून म्हणाला. ‘घरच्यांनाही आणतोय ऐकायला.’

हा टोमणा होता की कौतुक? काका संध्याकाळपर्यंत त्यावरच विचार करत बसले. रात्री जेवायला बसल्यावरही तेच चाललं होतं.

‘अहो, नुसती चिवडताय ती भाजी,’ बायको म्हणाली.

‘अगं, मी त्याला ओळखतच नाही.’

‘मग आजवर कुणाला ओळखत होतात?’

काकांनी भाजी संपवली.

शुक्रवारी वायरमनला मानाच्या खुर्चीत बसवलं. शेजारी त्याची बायको, नवी साडी नेसून. माइक दुसऱ्याच कुणीतरी लावला होता. साहेब चांगले सहा फुटी, ते बोलून बसले आणि काका उभे राहिले. माइक त्यांच्या कपाळाशी! हनुवटी वर करून, टाचा उचलून काका उभे, आणि डोकं सपशेल रिकामं. घाबरून तोंडातून निघालं, ‘हे म्हणजे आपल्या कारखान्याचा...’

आणि त्यांना दिसलं, खुर्चीत वायरमनचे ओठ हलत होते. कणा. तो काकांच्या आधीच म्हणून मोकळा झाला होता.

काकांचं वाक्य तिथेच अडकलं. लोक खोकू लागले. वायरमनला वाटलं, माइकचाच घोळ आहे. तो मानाच्या खुर्चीतून उठला, स्टँडचा खटका सैल केला, माइक वीतभर खाली आणला, खटका आवळला आणि निमूट जागेवर जाऊन बसला.

काका माइककडे बघतच राहिले. तो आता बरोबर त्यांच्या तोंडासमोर होता.

‘मला यांच्याबद्दल काहीच माहीत नाही,’ काका म्हणाले. सभेत चुळबुळ झाली. ‘दर वेळी साहेबांनंतर मी बोलतो. दर वेळी माइक माझ्या उंचीला असायचा. मला वाटायचं, तो असतोच तसा. आज कळलं, मधे कुणीतरी येऊन तो खाली करत होतं. मी बुटका आहे, हे यांनी कधी कुणाला जाणवू दिलं नाही. मलासुद्धा. मी यांच्याकडे एकदाही बघितलं नाही हो. एवढंच खरं आहे, बाकी मला काही येत नाही.’

ते खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणालाच कळेना. साहेब एकदा काकांकडे बघत होते, एकदा वायरमनकडे. काकांना वाटलं, वायरमनच्या बायकोसमोर त्याच्या समारंभाचा आपण पार विचका केला.

वायरमन उत्तराला उभा राहिला. त्याने माइक वर घेतला, घसा खाकरला, बायकोकडे पाहिलं.

‘काका,’ तो म्हणाला, ‘खटका डावीकडे फिरवायचा. हळू. दुसऱ्या हाताने वरची नळी धरून ठेवा, नाहीतर धाडकन खाली येते.’ त्याने खटक्यावर बोट ठेवून दाखवलं. ‘पुढच्या वेळी मी नसेन ना.’

काकांनी मान हलवली, आणि मग त्यांना ती वर करता येईना.