ठशाच्या रकान्यात ‘आहे’

मीटरकाका पहिल्यांदा आमच्या दुकानात आले तेव्हा त्यांनी पैंजणांकडे पाहिलंच नाही, आधी काट्याकडे पाहिलं.

“ताई, हा शून्यावर आहे ना? वाटी ठेवून शून्य करा आणि मग दागिना ठेवा.”

मी एकवीस वर्षं चांदीच्या काउंटरवर आहे. गिऱ्हाइकाने असं शिकवलं की माझं डोकं फिरतं. पण शेठ गल्ल्यावर बसलेले होते. म्हणून मी हसले, वाटी ठेवली आणि काटा शून्य केला. ते वाकून, चष्मा वर सरकवून आकड्याकडे बघत राहिले. आकडा स्थिर झाल्यावरच त्यांनी वही उघडली.

आयुष्यभर त्यांनी पाण्याचे मीटर वाचले होते. घरोघरी जायचं, झाकण उघडायचं, आकडा वहीत टिपायचा आणि पुढच्या घरी जायचं. तेहेतीस वर्षं हेच केलं. आकडा खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, असं ते म्हणायचे. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, घरात ते आणि एक मुलगी. ती शाळेत शिकवायची. तिचं लग्न ठरलं होतं आणि बापाने मनाशी ठरवलं होतं की पोरीला चांदी द्यायची आणि ती अस्सल द्यायची. पैंजणांचा जोड, ताम्हन, पळी, पंचपात्र आणि दोन समया.

“तिच्या सासूबाईंना सांगून ठेवलंय मी,” ते मला म्हणाले. “म्हटलं, भांडी मोजकी देईन, पण त्यात खोट सापडली तर माझं नाव बदला.”

अशी बढाई मारू नये माणसाने. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण काकांना मूठ झाकून ठेवणं कधी जमलंच नाही.

महिनाभर ते तीन दुकानांत फिरले. आमच्या समोर रस्त्यापलीकडे काचा लावलेलं मोठं सराफी दुकान आहे. कोपऱ्यावर एक म्हातारा सोनार आहे, अर्धा बहिरा. आणि आम्ही. आमच्या दारावर हातभर अक्षरांत पाटी आहे : ‘चांदीवर मजुरी शून्य’. काकांच्या वहीत प्रत्येक दुकानाचं एक पान होतं आणि पानावर चार रकाने : वजन, दर, मजुरी, ठसा. मोठ्या दुकानात मजुरी शंभराला पंधरा. सोनाराकडे ग्रॅममागे ठरावीक. आमच्याकडे काहीच नाही. काका रोज बेरजा करायचे आणि रोज आमची बेरीज सगळ्यांत कमी यायची. मग ते पुन्हा मोठ्या दुकानात जायचे, पुन्हा सगळं वजन करायला लावायचे. तिथल्या पोरी त्यांना पाहिलं की तोंड फिरवून हसायच्या. त्यांनीच त्यांना ‘मीटरकाका’ हे नाव ठेवलं. ते आमच्याकडे आलं आणि चिकटलं.

आता तुम्हाला सांगून टाकते, कारण तेव्हा काकांना सांगितलं नव्हतं. मजुरी शून्य कोणीच घेत नाही. कारागीर काही हवा खाऊन जगत नाही. समोरच्या दुकानात शंभर ग्रॅमच्या पैंजणात साडेब्याण्णव ग्रॅम चांदी असते, आणि तसा ९२५ चा ठसा कडीजवळ मारलेला असतो. आमच्या शंभर ग्रॅमच्या पैंजणात चांदी साठ-बासष्ट, बाकी तांबं आणि जस्त. दर मात्र शंभरच्या शंभर ग्रॅमवर शुद्ध चांदीचा. म्हणजे मजुरी आम्ही तांब्यातून काढतो, तीही समोरच्यांच्या दुप्पट. समयांचं तर विचारूच नका. बूड पोकळ असतं, ते डुगडुगू नये म्हणून आत राळ भरतात. समोर ती राळ वजा करून वजन लिहितात. आमच्याकडे समई जशी असेल तशी काट्यावर चढते.

शेठचा नियम एकच : विचारलं तेवढंच सांगायचं.

शेवटच्या दिवशी काकांनी विचारलं, “ठसा आहे का यावर?”

मी पैंजण उलटा करून भिंग त्यांच्या हातात दिलं. कडीजवळ ठसा होता, आमच्या दुकानाच्या नावाचा. बारीक, सुबक. काकांनी तो भिंगातून पाहिला, मान डोलावली आणि चौथ्या रकान्यात लिहिलं : ‘आहे’.

मी ते वाचलं. पहिल्या दोन पानांवर त्याच रकान्यात ९२५ लिहिलेलं होतं, तेही वाचलं. तेहेतीस वर्षं आकड्यांवर जगलेला माणूस नेमक्या त्याच जागी आकडा विचारायचं विसरला. त्याने मला “किती?” असं विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं का? खरं बोलायचं तर नाही. पण त्याने विचारलं नाही, आणि मला बरं वाटलं. महिनाभर माझा काटा तपासत होता ना, म्हटलं घे. असं वाटलं मला. लपवण्यात काय अर्थ आहे.

लग्न झालं. दोन महिन्यांनी एका दुपारी चौघं दुकानात आली. पुढे काकांची विहीणबाई, मागे जावई, मग मुलगी आणि सगळ्यांत शेवटी काका. विहीणबाईंनी एक समई काउंटरवर आपटली. तिचं बूड कापलेलं होतं आणि आतून काळी राळ दिसत होती.

झालं होतं असं : विहीणबाई दोन्ही समया मोडून एक मोठी घ्यायला समोरच्या दुकानात गेल्या होत्या. तिथे मोड घेताना आधी बूड उघडतात. राळ निघाली. मग त्यांनी घरून ताम्हन मागवलं. ते कानशीने जरा घासून शुद्धता मोजायच्या यंत्राखाली धरलं. आकडा आला एकसष्ट.

“आम्हाला म्हणाले होते, खोट सापडली तर नाव बदला,” विहीणबाई म्हणाल्या. “आता काय नाव ठेवायचं ते तुम्हीच सांगा.”

काका शेठकडे वळले. त्यांचा आवाज चढला होता. “हे तुम्ही मला शुद्ध चांदी म्हणून दिलंत!”

शेठनी शांतपणे बिलाची प्रत काढली. त्यावर खाली, बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं : मिश्र चांदी, वजन भरावासह. काकांची सही होती. “काका, आम्ही लिहून देतो. लिहिल्याशिवाय विकत नाही.”

काकांनी घाईघाईने खिशातून वही काढली. “मी सगळं तपासलंय. हे बघा, तिन्ही दुकानांचं लिहिलंय. मी ठसाही विचारला होता.” आणि ती वही त्यांनी स्वतःच्या हाताने विहीणबाईंपुढे धरली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. विहीणबाईंनी पान उलटलं, पुन्हा उलटलं. चलाख बाई.

“इथे ९२५. इथे ९२५. आणि जिथून घेतलं तिथे नुसतं ‘आहे’. आकडा का नाही लिहिलात? माहीत होतं म्हणूनच ना?”

जावई छताकडे बघत होता. मुलीने वही हातात घेतली. बापाचं अक्षर ती ओळखत होतीच. तिने तो रकाना पाहिला आणि बापाकडे पाहिलं.

“बाबा, तुम्हाला माहीत होतं?”

 काकांनी माझ्याकडे बोट केलं. “या ताईंना विचार. यांनीच दाखवलं होतं सगळं. ताई, सांगा हो. तुम्ही मला एकदा तरी म्हणालात का, की यात चांदी कमी आहे?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले, शेठही. मला दोन मुलं आहेत, नवरा घरी बसलेला आहे, आणि या बाजारात एका दुकानातून काढलेल्या बाईला दुसऱ्या दुकानात कोणी उभं करत नाही. हे सगळं खरं आहे. पण त्या क्षणी यातलं काहीच माझ्या डोक्यात आलं नाही. तोंडातून सहज निघालं.

“सांगितलं होतं की काका. मिश्र आहे, भराव आहे, म्हणून स्वस्त आहे. तुम्हीच म्हणालात, चालेल, दिसायला सारखंच दिसतं.”

 काका माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील, शिव्या देतील. मी तयार होते. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते आठवायचा प्रयत्न करत होते.

“म्हणालो असेन,” ते शेवटी म्हणाले. “ऐकलं नसेन नीट.”

मुलीने वाकून पायातले पैंजण काढले. एकाची कडी निघेना, तर तिने ओढूनच काढली. ते काउंटरवर ठेवले आणि सासूच्या बाजूला जाऊन उभी राहिली. “त्यापेक्षा काही दिलं नसतं तरी चाललं असतं,” ती म्हणाली. बापाशी नाही, भिंतीशी बोलल्यासारखी. शेठनी सगळा माल परत घेतला, अर्थात एकसष्टच्या हिशोबाने आणि राळ वजा करून. विकताना आम्ही राळ वजा करत नाही, परत घेताना करतो.

काका त्यानंतर महिनाभर दिसले नाहीत. मग एकदा दुपारी आले. शेठ जेवायला घरी गेले होते, दुकानात मी एकटी होते. हे मुद्दाम सांगते आहे, कारण त्या दिवशी मला कोणाची भीती नव्हती.

ते खराब दिसत होते. दाढी वाढलेली, शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात. काउंटरला हात टेकून उभे राहिले.

“ताई, भांडायला नाही आलो. एक विचारायचंय. मुलगी घरी येत नाही हो. फोनवर म्हणाली, बाबा, एक तर तुम्ही लबाड आहात, नाहीतर तुम्हाला विसरायला होतंय. दोन्हींतलं काय ते ठरवा. मी रोज रात्री आठवतो. वजन आठवतं, दर आठवतो, तुम्ही भिंग दिलंत ते आठवतं. पण तुम्ही सांगितलंत ते काही केल्या आठवत नाही. म्हणून म्हटलं, विचारावं. तुम्ही मला ते सांगितलंत तेव्हा मी कुठे होतो? उभा होतो की बसलो होतो?”

‘नव्हतं सांगितलं’, एवढे दोनच शब्द मला म्हणायचे होते. दुकानात पंखा फिरत होता, रस्त्यावर कोणी नव्हतं.

“तिथे बसला होतात,” मी कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. “पाणीही मागितलं होतं तुम्ही.”

“पाणी मागितलं होतं?”

“हो. मी आणून दिलं, मग सांगितलं.”

ते त्या खुर्चीकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग, खरं सांगते, त्यांचा चेहरा मोकळा झाला. “म्हणजे विसरलोच म्हणायचं,” ते म्हणाले. “बरं झालं. लबाड नाही.” त्यांनी माझे आभार मानले. आमच्या पायरीवरच उभं राहून त्यांनी मुलीला फोन लावला. मला आतून सगळं ऐकू येत होतं.

“अगं, मी विसरलोय. त्या ताईंनी सांगितलं होतं मला, पाणी देऊन सांगितलं होतं. हो, मला काहीच आठवत नाही. हो, हो, तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. तू येशील ना बरोबर?”