खोडरबराचा चुरा

चिमटाबाईंबद्दल चार ओळी लिहून द्या, दुकानात लावायच्या आहेत, असं त्यांच्या दिरांनी सांगितलं तेव्हा प्रूफवाल्या आजोबांनी आधी नाहीच म्हटलं. त्यांना बाईंचं खरं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. घर कुठे, मुलंबाळं किती, कशाचं हसू यायचं, काहीच नाही. पाच-सहा वर्षांत सात-आठ भेटी, त्याही काउंटरच्या अलीकडे-पलीकडे उभं राहून.

"मला काय माहीत त्यांच्याबद्दल?"

"मग जेवढं माहीत आहे तेवढंच लिहा," दीर म्हणाले आणि डोळ्याला भिंग लावून समोरच्या घड्याळात परत शिरले.

जेवढं माहीत होतं त्यातलं बरंचसं एका बुधवारचं होतं.

त्या दुकानात दोन टेबलं. पुढच्यावर दीर घड्याळं दुरुस्त करायचे, मागच्यावर बाई लॅपटॉप. खिशाला कायम चिमटा अडकवलेला, म्हणून चिमटाबाई. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण त्यांनी ते मुकाट्याने चालवून घेतलं होतं.

आजोबा त्या सकाळी लॅपटॉप छातीशी धरून आत आले. आयुष्यभर त्यांनी छापखान्यात प्रुफं तपासली होती. निवृत्तीनंतर तीन वर्षं कुणी विचारलं नव्हतं. मग एका प्रकाशकाने जाडजूड पुस्तकाची शब्दसूची करायला दिली. चार महिने खपून ती होत आली होती, शुक्रवारी दुपारी द्यायची होती. ती या लॅपटॉपमध्ये होती आणि दुसरीकडे कुठेही नव्हती.

"काय होतंय?" बाईंनी विचारलं.

"सुरू केला की टींटीं करतो. मग एक निळं पान येतं. तारीख, वेळ, कसल्या कसल्या याद्या. त्यातून बाहेर पडलं की पुन्हा बंद-चालू होतो आणि पुन्हा तेच पान."

"आणखी कुठे दाखवलात?"

"मोठ्या दुकानात. ते म्हणाले मदरबोर्ड गेला असेल, नाहीतर डिस्क. सगळं पुसून नव्याने भरून बघू म्हणाले."

"मग?"

"मी उचलून घेऊन आलो."

"आजवर केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम," बाई म्हणाल्या. "शेवटचं काय केलंत यावर?"

"काही नाही."

"काही न करता इथे कुणी येत नाही. काही सांडलं?"

"नाही."

"त्या निळ्या पानात काही बदललंत?"

आजोबांनी चष्मा पुसायला घेतला. "नाही," ते म्हणाले.

बाईंनी लॅपटॉप चालू केला. टींटीं झालं, निळं पान आलं. त्यांनी वेगळा कीबोर्ड जोडला, पुन्हा चालू केला. पुन्हा तेच.

"दुसरा लावला तरी?" आजोबांचा आवाज बारीक झाला.

"दुसरा लावला म्हणून पहिला गप्प बसत नाही. हे पान उघडायला सुरू होताना एफ-टू दाबावं लागतं. कुणी दाबत नाहीये आणि तरी उघडतंय. म्हणजे आतलं बटण दाबलेलंच राहिलंय आणि मशीनला वाटतंय तुमचं बोट आहे. टींटीं त्याचीच तक्रार. माझा अंदाज हं. आता खात्री करू."

चार्जर काढला, लॅपटॉप पालथा घातला, खालचं झाकण उघडलं. आधी बॅटरीची वायर सोडवली. मग चिमट्याने एक इवलीशी पट्टी वर करून कीबोर्डची चपटी केबल अलगद मागे ओढली. बॅटरी पुन्हा जोडली. चालू करायचं बटण कडेला वेगळं होतं, ते दाबलं.

टींटीं झालं नाही. निळं पान आलं नाही. आजोबांनी श्वास सोडला आणि तेवढ्यात काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली: सुरू करण्यासाठी डिस्क सापडत नाही.

दिरांनीही भिंग काढून इकडे पाहिलं.

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. "कीबोर्डचं बरोबर निघालं," त्या हळू म्हणाल्या. "पण मग डिस्कही गेली की काय? दोन्ही एकदम? तसं सहसा होत नाही." त्यांनी आजोबांकडे पाहिलं नाही. डिस्कचा स्क्रू सैल करायला घेतला. "प्रूफवाले, पुन्हा विचारते. डिस्क गेलीच असं धरलं तर मी ती काढून बाहेर पाठवणार. आठ-दहा दिवस लागतील. त्या पानात काही हललं होतं का?"

शुक्रवार दोन दिवसांवर होता. आजोबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर खुणा करण्यात गेली होती, स्वतःची सांगायची सवयच नव्हती.

"बाणाची, एंटरची बटणं दाबली होती," ते म्हणाले. "चालतात का बघायला. एका यादीतल्या चौकटीतली खूण गेली. कशी परत आणायची ते कळेना. बाहेर पडताना त्याने बदल जतन करू का विचारलं, मी हो म्हटलं. घाबरलो होतो."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"लाज वाटली."

"लाज वाटणारे सगळे माझ्याकडेच येतात," बाई म्हणाल्या आणि स्क्रू परत घट्ट केला. बाहेरच्या कीबोर्डवरून त्यांनी स्वतः एफ-टू दाबून ते पान उघडलं. कुठून सुरू व्हायचं त्या यादीत डिस्कसमोरची खूण खरंच गेली होती. ती परत लावली, जतन केलं, बाहेर पडल्या. अर्ध्या मिनिटात आजोबांच्या नातीचा फोटो पडद्यावर आला.

"फाइल कुठली?"

"सूची अंतिम. त्याखाली सूची खरी अंतिम आहे, ती."

बाईंनी आधी ती पेनड्राइव्हवर उतरवून त्यांच्या हातात दिली. बटणाकडे नंतर वळल्या. लॅपटॉप बंद करून वरच्या ओळीवरून बोट फिरवलं आणि एफ-टूपाशी थांबल्या. केसभर खाली बसलं होतं, दाबलं तरी उसळत नव्हतं. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने टोपी उचलली. खालच्या बिजागरीत करडी, चिवट गुंडाळी अडकली होती. ती त्यांनी चिमट्यात धरून उजेडात पाहिली.

"हे काय?"

आजोबांनी एका नजरेत ओळखलं. "खोडरबर," ते म्हणाले. "टेबल लहान आहे. कागद कीबोर्डवरच ठेवून खुणा करतो. खोडलं की फुंकर मारतो."

"सरळ आत."

"सरळ आत."

पुढच्या टेबलावरून दिरांचा खोकल्यासारखा आवाज आला. ते हसत असावेत.

बाईंनी ब्रशने बिजागरी साफ केली, टोपी बसवली, केबल जोडली, झाकण लावलं. पाच वेळा बंद-चालू केलं. पाचही वेळा नातीचा फोटो. सूची शुक्रवारी सकाळीच पोहोचली, आणि प्रकाशकाने पुढचं पुस्तकही आजोबांनाच दिलं. बाईंना ते सांगायचं राहून गेलं. नंतर कधी जावं तर त्या कुणाच्या ना कुणाच्या मशीनमध्ये डोकं घालून बसलेल्या असायच्या आणि आजोबांना मध्येच बोलणं जमायचं नाही.

आजोबांनी कागदावर एवढंच लिहिलं. पुन्हा वाचलं, दोन शब्द खोडले, फुंकर दुसऱ्या बाजूला मारली. बाई आजारी होत्या हेही त्यांना त्या गेल्यावरच कळलं होतं. शेवटचे ते गेले ते चार्जरची पिन ढिली झाली म्हणून. बाईंनी पिन हातात घेऊन उलटसुलट पाहिली होती.

"रबर कुठे ठेवता हल्ली?"

"लांब. खिडकीपाशी."

"बरं. संध्याकाळी येऊन घेऊन जा."

"येतो."