जावईबापूंनी काढलेला फोटो

वाइंडिंगकाकांनी अडतीस वर्षं जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून भरल्या. पाण्याच्या पंपाची असो, पिठाच्या गिरणीची असो, मोटर टेबलावर आली की ते आधी फडक्यानं तिची नेमप्लेट पुसायचे आणि मगच पान्याला हात लावायचे. "आधी वाचायचं, मग उघडायचं. नाहीतर माणसात आणि माकडात फरक काय?" असं ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे. न वाचता वायर जोडणाऱ्यांच्या जिवावरच त्यांचं घर चाललं, तरी त्या लोकांबद्दल त्यांना कधी प्रेम वाटलं नाही.

तो आवाज आठ महिन्यांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला. नातीनं आपला जुना लॅपटॉप दिला. काका एका बोटानं मराठी टाइप करायचे आणि ते यंत्र एखाद्या शहाण्या मुलीच्या आवाजात वाचून दाखवायचं. मिशीवाला म्हातारा आणि आवाज पोरीचा. पहिले आठ दिवस बायको पदर तोंडाला लावून हसली, मग सवय झाली. मुख्य म्हणजे लोक शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घ्यायचे. पाटीवर लिहिलं तर नाही. पाटीवरचे दोन शब्द वाचून झाले की लोक तिसरा स्वतःच ठरवायचे.

यात सगळ्यात तरबेज जावईबापू. माणूस कुठल्याशा कंपनीत 'समन्वय' करतो म्हणे. म्हणजे काय ते आजवर त्यानं कोणाला नीट सांगितलेलं नाही, पण करतो. सासऱ्यांचा आवाज गेल्यापासून त्यानं सासऱ्यांचाही समन्वय सुरू केला. "बाबांना म्हणायचंय की..." एवढं म्हणून तो जे सुटायचा, की बाबांनाच नवल वाटायचं. काकांचं वर्कशॉप विकायचं, हे त्यानंच ठरवलं. काकांनी पाटीवर 'विकणार नाही' असं ठसठशीत लिहिलं. जावयानं वाचलं, कोपरानं पुसलं आणि सासूबाईंना म्हणाला, "बाबा जरा भावनिक झालेत. साहजिक आहे."

गिऱ्हाईक मंगळवारी चार वाजता येणार होतं. आणि सोमवारी लॅपटॉपचा चार्जर गेला.

वायर लॅपटॉपकडच्या टोकापाशी चिरली होती, तिथूनच धूर निघाला. काकांनी टोक कापून पाहिलं, पण चार्जरचा ठोकळाच आतून जळाला होता. जावयानं मोबाइलवर त्याच्या लेबलाचा फोटो काढला आणि ठोकळा कचऱ्याच्या गाडीत टाकून आला. "फोटो आहे ना," तो म्हणाला. काकांनी कपाळाला हात लावला. मोडकी वस्तू नवी येईपर्यंत फेकू नये, एवढंही ज्याला कळत नाही त्याला आपण मुलगी दिली, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदा आला असं नाही. कापलेलं टोक तेवढं त्यांनी गुपचूप खिशात टाकलं.

मंगळवारी सकाळी बॅटरी संपली. काका लॅपटॉप काखेत मारून जावयाबरोबर निघाले. वाटेत जावई दुकानात फोन करून सांगत होता, "दोनशेचाळीस व्होल्टचा चार्जर काढून ठेवा." काका रिक्षाबाहेर बघत राहिले. दोनशेचाळीस. लॅपटॉप आहे की विहिरीवरचा पंप?

दुकान म्हणजे भिंतभर खोके आणि एक लांब काउंटर. मागे पन्नाशीची बाई, चष्मा कपाळावर. फोनवर तीच असावी, कारण जावयानं तोंड उघडताच म्हणाली, "दोनशेचाळीसवाले तुम्हीच ना? ते भिंतीतून आत येणारं. इनपुट. ते जवळपास सगळ्या चार्जरवर लिहिलेलं असतं. लॅपटॉपला जातं ते खालच्या ओळीत, आउटपुट. फोटो दाखवा."

फोटो तिनं दोन बोटांनी मोठा केला. फ्लॅशचा पांढरा डाग नेमका आउटपुटच्या ओळीवर बसला होता. साडेएकोणीस व्होल्ट एवढं दिसत होतं. पुढे अँपिअरचा पहिला आकडा गायब, नुसतं पॉइंट बासष्ट. वॉटच्या जागी जावईबापूंचा अंगठा.

"अंगठा छान आलाय," बाई म्हणाली. "चार्जर कुठाय?"

"टाकला. तुम्ही पासष्ट वॉटचा देऊन टाका. साधारण तोच असतो, आणि स्वस्त पडेल."

काकांनी लॅपटॉप काउंटरवर पालथा घातला. पोटावरच्या स्टिकरवर नखभर अक्षरात लिहिलं होतं, तिथे बोट ठेवलं. साडेएकोणीस व्होल्ट, चार पॉइंट बासष्ट अँपिअर. हे त्यांनी लॅपटॉप घरात आला त्याच दिवशी वाचलं होतं, पण विचारलं कोणी?

बाईनं चष्मा डोळ्यावर घेतला. "गुणाकार नव्वद. नव्वद वॉट." मग जावयाकडे वळून, "व्होल्ट तेवढेच पाहिजेत, कमी नाही, जास्त नाही. वॉट जास्त चालतील, कमी नाही. पासष्टचा लावलात तर तापेल, नाहीतर चार्जच होणार नाही."

"पण मशीन घेतं ना जेवढं मिळेल तेवढं," जावई म्हणाला. त्यानं स्टँडवरचं एक खोकं उचललं. "हा बघा, नव्वद लिहिलंय. टोकही गोल आहे. बाबांना म्हणायचंय की..."

काकांनी खिशातून कापलेलं टोक काढून काचेवर ठेवलं. जाड, गोल, आणि आत मधोमध केसाएवढी पिन. जावयाच्या हातातलं टोक गोल होतं, पण बारीक आणि आत पोकळ.

बाईनं टोक उजेडात धरलं. लेबलावर हे लिहिलेलं नसतं, ती म्हणाली. या मधल्या पिनेवरून लॅपटॉप चार्जर ओळखतो. ओळख पटली नाही तर दिवा लागतो, मशीन चालतं, पण बॅटरी भरत नाही. "हे टोक ठेवायचं कोणाला सुचलं?"

काकांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"कसल्या कामात होतात तुम्ही?"

"बाबा ना, आमचे बाबा पूर्वी..." जावई सुरू झाला.

"मी यांना विचारलं," बाई म्हणाली. काकांनी पिशवीतून पाटी काढली, खडू शोधला, हळूहळू लिहिलं. ती थांबली. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, तरी पुरतं लिहून होईपर्यंत थांबली. 'मोटर वाइंडिंग. ३८ वर्षं. अजून चालू.'

तिनं मागच्या खणातून खोकं काढलं, ओळ आणि टोक दोन्ही जुळवून काकांसमोर धरलं, मग लॅपटॉपला लावून दाखवलं. पडद्यावर बॅटरीचं चित्र भरू लागलं.

चार वाजता गिऱ्हाईक आलं. खुर्चीत टेकलं आणि थेट जावयाशी बोलायला लागलं. जागा किती, शटर कधीचं, रिकामी कधी मिळेल. जावई पाय हलवत उत्तरं देत होता. "बाबांना म्हणायचंय की लवकर झालं तर बरं."

काकांनी कळ दाबली. परतताना रिक्षातच, दुकानात भरलेल्या बॅटरीवर टाइप करून ठेवलं होतं.

"बाबांना काय म्हणायचंय ते बाबा सांगतील," मुलीचा आवाज शांतपणे म्हणाला. "वर्कशॉप विकायचं नाही. या जावयाला लेबल वाचता येत नाही, त्यानं मला वाचायचा प्रयत्न करू नये."

बायकोनं पदर तोंडाला लावला. गिऱ्हाईक चपापून जावयाकडे बघत म्हणालं, "पण तुम्ही तर म्हणाला होतात, यांची हरकत नाही?"

काका पुन्हा टाइप करू लागले. एका बोटानं, सावकाश. नव्वद वॉट येत होते, घाई नव्हती.

"माझ्याकडे बघून बोला," यंत्र म्हणालं.