ताईकडे जायची तारीख

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या काकांचे दोन्ही हात प्लास्टरने माखले होते, तेवढ्यात मोबाईलवर मेल आली. 'अभिनंदन! व्हिसाच्या मुलाखतीसाठी आपल्याला पुढच्या गुरुवारची वेळ मिळाली आहे.' खाली ट्रॅव्हल एजन्सीचं नाव.

काका स्टुलावर बसले. थोरली बहीण मुलाकडे परदेशात गेली, त्याला नऊ वर्षं झाली. आता डॉक्टरांनी तिला विमानप्रवास बंद केलेला. म्हणजे जायचं ते काकांनीच. आणि एजन्सी कित्येक महिने एकच पालुपद लावून होती, "तारखाच नाहीत हो!" व्हिडिओ कॉलवर ताई हसताना तोंडापुढे हात धरायची. तिची तिकडची कवळी सैल होती. काकांना वाटे, एकदा समोर बसवून माप घेऊ दे.

मेलमध्ये पुढे लिहिलं होतं, 'संध्याकाळच्या आत खालच्या लिंकवर पासपोर्ट क्रमांक आणि व्हिसा खात्याचा पासवर्ड भरा, नाहीतर वेळ रद्द होईल.'

काकांनी हात धुतले. अंगठा लिंकपाशी गेला. डबा घेऊन आलेली बायको खांद्यावरून वाकून म्हणाली, "अहो, तुमचा पासपोर्ट नंबर आहे की त्यांच्याकडे. परत कशाला मागतील?"

"तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते!"

पण मनात पाल चुकचुकली. पाठवणाऱ्याचा पत्ताही एजन्सीच्या नेहमीच्या पत्त्यासारखा नव्हता. एजन्सीला फोन लावला तर सतत व्यस्त. मग त्या मेलला उत्तर न देता त्यांनी एजन्सीच्या पावतीवरच्या पत्त्यावर नवी मेल लिहिली:

'सादर नमस्कार. सोबत जोडलेल्या फोटोतली मेल आपणच पाठवली आहे का, कृपया कळवावे. मी लिंक उघडलेली नाही. आपल्या कामात व्यत्यय आणतोय, क्षमस्व. पण संध्याकाळपर्यंतची मुदत आहे, आणि ही तारीख हातची जाऊ नये असं फार वाटतं.'

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा खोडलं, पुन्हा लिहिलं.

दुपारभर त्यांनी एकही दात बसवला नाही. मनाने ते केव्हाच ताईच्या दारात पोचले होते. दार उघडताच ती आधी "किती वाळलास रे" म्हणणार, की आधी रडणार?

एजन्सीतल्या मुलीचाच फोन आला. "काका, ही मेल आमची नाही. लिंक उघडू नका. आम्ही तुमचं खातं व्हिसा केंद्राच्या साइटवर आत्ताच उघडून पाहिलं. तारीख मिळालेली नाही." मग म्हणाली, "विचारलंत ते बरं केलंत."

"हो. आभारी आहे," काका म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र त्यांना वाटलं, अजून थोडा उशिरा आला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ताईचा कॉल आला. "काही कळलं का रे?"

"अजून नाही."

"बरं. तुझी खाट खिडकीपाशी लावू की भिंतीकडे?"

"खिडकीपाशी लाव," काका म्हणाले. "बाहेर काय दिसतं गं तिथून?"

ताईने मोबाईल उचलला आणि हळूहळू चालत खिडकीकडे नेला.