अर्ध्या भावाच्या वाकळी

आमच्या केंदूरला वाकळ विकायची गोष्ट पूर्वी कुणी बोललं असतं तर लोक हसले असते. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवायचे, कडेनं सुरुवात करून टाका घालत मध्यापर्यंत यायचं, झाली वाकळ. घरातल्या माणसांनी पांघरायची. फाटली की तिच्यावर दुसरं लुगडं. त्यात विकण्यासारखं काय?

माझी सून दौंडची. तिचे वडील रेल्वेत होते, तिचं पुण्यात शिक्षण झालेलं. लग्न होऊन आली तेव्हा मी तिला माझ्या हातची एक वाकळ दिली. तिनं ती पांघरली नाही, भिंतीवर टांगली. मला राग आला. म्हटलं, "काय गं, वास येतो का माझ्या वाकळीला?" ती म्हणाली, "आत्या, अहो ही पांघरून झिजवायची वस्तू न्हाई. लोक पैसं मोजून घेतील ही." मी म्हटलं, "मग घाल बाजारात, कोथिंबिरीच्या शेजारी."

तिनं बाजारात घातली नाही. तिथंच तिचं डोकं आमच्यापेक्षा वेगळं चाललं.

एकदा आमच्या घरी आलेल्या एमआयडीसीतल्या एका मोठ्या साहेबाच्या बायकोनं ती वाकळ भिंतीवर पाहिली आणि मागितली. सुनेनं दोन शेळ्या येतील एवढा भाव सांगितला. मी आतून ऐकत होते, मला वाटलं बाई आता पायात चपला घालील. बाईनं थोडं कमी करा म्हटलं. सून म्हणाली, "कमी न्हाई होत. तुम्हाला नको असंल तर राहू द्या, मला तीच भिंतीवर बरी वाटती." बाई गेली. आठवड्यानं परत आली आणि पूर्ण भाव देऊन घेऊन गेली. जाताना विचारून गेली, आणखी एक कधी मिळेल?

सून म्हणाली, "सांगते." नुसतं सांगते. मी म्हटलं, "अगं ट्रंकेत तीन पडल्यात!" तर म्हणाली, "असू द्या."

पुढं गावातल्या पाचसहा बायका शिवायला लागल्या. एका वाकळीला एकच बाई, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि एका कोपऱ्यात लाल दोऱ्याचा छोटा त्रिकोण. तो त्रिकोण हीच आमची खूण. पुण्यातल्या एकाच दुकानात वाकळी जायच्या, त्याही मोजक्या. दुकानवाल्या बाईशी सुनेचा करार होता की भाव उतरवायचा नाही, सणाला नाही, दिवाळीला नाही. दुसरी दुकानं मागत होती, त्यांना ती नाही म्हणायची.

माझा मुलगा शिरूरच्या बाजारात भाजीचा गाळा चालवतो. त्याला हे समजायचं नाही. जेवताना तो म्हणायचा, "धा जण मागत्यात अन् तू दोघास्नी देती. डोकं फिरलंय काय? मागणी हाय तर माल काढ की."

"मागणारे जास्त आन् वाकळी कमी, असंच राहिलं पाहिजे."

"मग लोकांना कळणार कसं?"

"कळू दे की सगळ्यांना. कळणं येगळं, मिळणं येगळं."

आणि ती कळवायचीसुद्धा. फोनवर आमच्या बायका शिवताना दाखवायची, कोण कोणतं लुगडं कापतंय, ते कुणाच्या आजीचं होतं. हजारो लोक बघायचे. एकदा पुण्यात प्रदर्शनात तिनं एक वाकळ टांगली आणि खाली लिहिलं, विक्रीसाठी नाही. मी म्हटलं, मग नेलीस कशाला? ती म्हणाली, "ज्याला घेता येणार न्हाई, त्यानंबी बघून हळहळलं पाहिजे, आत्या. त्या हळहळीचा भाव हाय."

पाबळची एक मास्तरीण तिच्याकडे आली होती. म्हणाली, मला वाकळ परवडत नाही, पण तुमचं काहीतरी हवंय. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्यांसाठी सुनेनं उरलेल्या तुकड्यांचे उशीचे अभ्रे काढले. पण त्यांना नाव वेगळं दिलं आणि लाल त्रिकोण घातला नाही. मला ते कंजूषपणाचं वाटलं. म्हटलं, एक त्रिकोण घालायला दोरा किती लागतो? ती म्हणाली, "अभ्रा कुणीबी घ्यावा, स्वस्तात घ्यावा. पण अभ्र्यापायी वाकळ स्वस्त झाल्यागत वाटायला नको." अभ्रे भरपूर खपले, वाकळीचा भाव जागचा हलला नाही.

मग गावातल्या आणखी बायकांनी काम मागितलं. ओळखीच्या, भावकीतल्या. सुनेला नाही म्हणता आलं नाही. तिथं ती हळवी पडली. वर्षभरात खोलीभर वाकळी झाल्या, आणि त्याच वर्षी पुण्यातलं गिऱ्हाईक सुस्तावलं. दुकानवाली बाई म्हणाली, सध्या पाठवू नका. सुनेनं बायकांना सांगितलं, थोडे दिवस शिवणं थांबवू, भाव उतरवणार नाही. बायका नळावर कुजबुजायला लागल्या. एक तर माझ्या तोंडावर म्हणाली, "काकू, तुमच्या सुनंला काय, नवऱ्याचा गाळा हाय. आम्ही काय लाल दोरा चावावा?"

हे मुलाच्या कानावर गेलं. तो वाईट माणूस नाही. उलट त्याला त्या बायकांचं वाईट वाटलं, हीच अडचण झाली.

श्रावणात सुनेच्या आईचा पाय मोडला म्हणून ती दौंडला माहेरी गेली. चौथ्या दिवशी मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. त्याच्या हातात फोन होता.

"आई, ही खोली रिकामी करतो."

"कशी?"

"निम्म्या भावात. दोन दिवस, बास. फोनवर टाकतो, बघ कशा उडत्यात."

"ती आल्यावर विचार की."

"तिला काय इचारायचं? माल पडून ऱ्हायला की कुजतो. संध्याकाळी बाजार उठताना मेथी मी पाच रुपयाला देतो का न्हाई? का घरी आणून तिची पूजा करतो?"

मी म्हटलं, "वाकळ कुजत न्हाई." तो म्हणाला, "सगळंच कुजतं, आई." आणि त्यानं टाकलं.

बाजाराच्या माणसाला हेच येतं. सूर्य कलला की भाव पाडायचा, पाटी रिकामी करून घरी यायचं. रिकामी पाटी म्हणजे चांगला दिवस. त्याच्या बापानं तेच केलं, त्याच्या चुलत्यांनी तेच केलं. भाजीत ते बरोबरही आहे, कारण उद्या भाजी नवी येते आणि कालची मेथी कुणाला आठवत नाही.

दोन दिवसात खोली रिकामी झाली. पुण्याहून, मुंबईहून, कुठून कुठून फोन. मुलानं बायकांना पेढे वाटले. नळावरची ती बाई म्हणाली, "बघा, दादांनी करून दाखवलं. शिकलेलीला जमलं न्हाई." सगळ्यांना वाटलं, चांगलं झालं.

सून परत आली, रिकामी खोली पाहिली. मुलगा हसत म्हणाला, "काय, कसं काम केलं?" तिनं विचारलं, "कितीला?" त्यानं सांगितलं. ती खाली बसली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं फक्त एवढंच विचारलं, "फोनवर समद्यांना दिसंल असं टाकलं?"

"मग, लपवून कसं इकणार?"

पहिला फोन पुण्याच्या एका बाईचा आला. तिनं वैशाखात मुलीच्या लग्नात रुखवतावर आमची वाकळ मांडली होती, पूर्ण भावाची. चार लोकांना खूण दाखवून सांगितलं होतं, ही अशी सहज मिळत नाही. आता तिच्या विहीणबाईनं फोन पुढं करून तिला दाखवलं, ही बघा, निम्म्यात मिळतेय. सून फोन कानाला धरून उभी होती. ती बाई शिव्या देत नव्हती. सुनेनं मागाहून मला सांगितलं, ती म्हणाली, "तुम्ही मला खोटं पाडलंत."

सुनेनं निम्मे पैसे परत देऊ केले. बाई म्हणाली, पैसे नकोत. पैसे घेऊन तिचं खोटेपण थोडंच पुसलं जाणार होतं?

मग पुण्यातल्या दुकानवालीनं तिच्याकडच्या वाकळी गाडीत घालून परत पाठवल्या. चिठ्ठी नाही, काही नाही, फक्त ड्रायव्हर. नंतर सून तिला भेटायला गेली तर ती म्हणाली, "माझ्या गिऱ्हाइकांना मी काय तोंड दाखवू? मी वर्षभर त्यांना सांगतेय, थांबा, भाव कमी होणार नाही."

ज्यांनी निम्म्यात घेतल्या त्या लोकांनी तरी परत यावं. तेही आले नाहीत. आले ते विचारायला, पुढचा सेल कधी? दिवाळीला आहे का? सून म्हणायची, नाही. मग ते म्हणायचे, ठीक आहे, आम्ही थांबतो. पूर्वी लोक वाकळीसाठी थांबायचे, आता भाव पडायची वाट बघत थांबायला लागले.

मुलाला हळूहळू कळलं. त्यानं एक वेडेपणा केला. विकलेल्या वाकळी परत विकत घ्यायला निघाला. फोनवर एकेकाला म्हणायचा, पूर्ण भाव देतो, परत द्या. लोक हसले. एक जण म्हणाला, "अहो, छान उबदार आहे, आम्ही कशाला देऊ?" त्याचं बरोबर होतं. वाकळीत काय बिघडलं होतं? तीच लुगडी, तोच टाका. मी ज्या शिवल्या होत्या त्यातला एकही टाका सैल नव्हता. पांघरणाऱ्याची थंडी पूर्वीएवढीच जात होती. गेली ती दुसरी गोष्ट, आणि ती सुईनं शिवता येत नाही.

एका जेवणाला मुलगा म्हणाला, "तू त्या येळी नीट समजावून सांगायला पायजे होतं."

सून म्हणाली, "सात वर्सं रोज जेवताना सांगत हुते."

सुनेनं वर्षभर जुना भाव धरून पाहिला. वाकळी गेल्या नाहीत. भाव थोडा वाढवून पाहिला, लोक म्हणाले, आता वाढवून मग कमी करणार, आम्हाला कळतं. शेवटी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं तिला विचारलं, आमच्या नावानं पांघरुणं शिवून द्याल का? तिनं हो म्हटलं. बायकांना काम हवं होतं. आता मशीनवर कड मारून देतात, मध्ये हाताचे चार टाके, दिसायला. लाल त्रिकोण नाही. कंपनी वर्षातून चारदा सेल लावते. बायका खूश आहेत. नळावरची ती बाई मला म्हणाली, "काकू, आता कसं बारमाही काम झालं." झालं खरं.

सून हिशेब बघते, माल मोजून गाडीत चढवते. कोण कुणाच्या आजीचं लुगडं कापतंय हे तिनं दाखवणं बंद केलं. कापड आता गठ्ठ्यानं येतं, त्याला आजी नाही.

मागच्या महिन्यात पाबळची मास्तरीण आली होती. रिटायर झाली आहे, फंडाचे पैसे आलेत. म्हणाली, "कितीतरी वर्षं मनात होतं, आता एक वाकळ घेते. त्रिकोणाची." सून म्हणाली, "ती आता होत न्हाई, बाई." मास्तरीण म्हणाली, "पण मी पूर्ण भाव देते ना."

सून आत गेली. मी मास्तरणीला चहा दिला. चहा पिऊन ती निघाली. मुलगा दारात मोटारसायकल पुसत होता, त्यानं तिला स्टँडवर सोडलं.