चारीतला पाय

माझं अक्षर कोंबडीने उकिरडा उकरावा तसं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझं कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण कुणाच्या हाती पडलंच, तर चुका बघून हसावं आणि पुढे वाचावं.

दुष्काळाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. आमचे मालक पाटकरी होते. धरणाच्या पाटाला जे लहान फाटे फुटतात त्यांना चारी म्हणतात. अशा एका चारीवर पाणी सोडायचं, ठरल्या पाळीने ज्याचं त्याला द्यायचं, आणि मध्ये कुणी फोडू नये म्हणून राखायचं, हे त्यांचं काम. नोकरी रोजंदारीची. हजेरीपटावर नाव असेल तेवढ्या दिवसांचे पैसे. राहायला चारीच्या तोंडाशी दगडी चौकी. नाव गेलं की चौकीही जाणार, हे सांगायला नको. माझी चूल, दोन शेळ्या आणि पोटातलं पहिलं पोर, सगळं त्या हजेरीपटावर उभं होतं.

हजेरी घ्यायचे कालवा निरीक्षक. सायकलवर यायचे, पँटला खाली चिमटे लावून. त्यांचा हिशोब सोपा होता. माणूस दिसला तर हजर, नाही दिसला तर गैरहजर. देवाच्या बाबतीतही त्यांचं असंच असावं, कारण देवळात कधी गेलेले मी पाहिले नाहीत.

आमच्या शेजारच्या चारीचा पाटकरी या हिशोबात अव्वल होता. रस्ता जिथे पाट ओलांडतो त्या पुलावर तो दिवसभर उभा. डोक्यावर टोपी, काखेत छत्री, हातात काठी. जीप दिसली की काठी खाली आणि हात कपाळाला. बाया त्याला पुलावरचा मारुती म्हणायच्या. शेंदूर तेवढा राहिला होता. पुलापासून त्याच्या चारीचं टोक दोन कोसांवर. तिकडे तो कधी गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं, पण हजेरी मात्र एक दिवस चुकली नव्हती.

आमचे मालक टोकाला बसायचे. आमच्याकडे पाळी टोकापासून वर चढते. आधी शेवटच्या शेताला पाणी, मग त्याच्या वरच्याला, असं करत तोंडापर्यंत. तोंडाच्या बागाईतदारांना हे कधी पटलं नाही. दारावरून पाणी जाताना बघायचं आणि आपली पाळी शेवटी, म्हणजे पंगतीत वाढप्यालाच शेवटी जेवायला बसवल्यासारखं. मग ते हळूच फोडायचे. टोकाला बसलं की वरचं फोडलेलं आपोआप कळतं, कारण धार बारीक होते. पण टोकाला जीप जात नाही, सायकलही जात नाही.

त्यात पाळी रात्रंदिवस चालते. मालकांना मग दिवसा बाभळीखाली झोप लागायची. झोपताना एक पाय चारीत सोडलेला असायचा, घोट्याएवढ्या पाण्यात. पाणी उतरलं की पायाला वारा लागायचा आणि जाग यायची. मी म्हणायची, "म्हशीसारखं काय पाण्यात पाय टाकून पडता?" ते म्हणायचे, "म्हैस झोपती गं. मी ड्यूटीवर हाय."

एकदा निरीक्षक चौकीवर आले. मालक नाहीत. दुसऱ्या खेपेलाही नाहीत. तिसऱ्यांदा चिखल तुडवत टोकाला गेले, तर मालक पाय पाण्यात सोडून घोरत होते. त्या महिन्यात हजेरीपटावर निम्म्याहून जास्त फुल्या पडल्या, पगारही तेवढाच कापला, आणि वर तंबी मिळाली, की पुढच्या पाळीत असंच दिसलं तर नाव कमी.

मालक म्हणाले, "साहेब, टोकाच्या शेतात पाणी पोचलं का न्हाई, ते तर बघा."

"पाण्याची हजेरी घ्यायला मला सरकार पगार देत नाही," निरीक्षक म्हणाले. "माणसांची घ्यायला देतं."

पुढच्या पाळीच्या आधी शाखा कचेरीत नवे अधिकारी आले. तरुण, उन्हाने नाक सोललेलं. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या पाटकऱ्यांना बोलावून सांगितलं, की मैलोगणती पसरलेल्या माणसांना उभं राहिलेलं बघून काही कळत नाही. हजेरी पगारापुरती राहील, पण काम कसं झालं ते आठवड्याच्या कागदावरून ठरेल. चारीच्या तोंडाला रोज किती पाणी आलं ते आकड्यांच्या पट्टीवरून लिहायचं. किती एकर भिजलं ते लिहायचं. टोकाला पाळीच्या दिवशी पाणी पोचलं की नाही, आणि तक्रारी किती, कुणाच्या, हेही लिहायचं. पाळी संपली की निरीक्षकांनी त्यावर प्रत्येकाचा शेरा लिहायचा आणि तो पाटकऱ्याला वाचून दाखवायचा.

निरीक्षकांचं तोंड कडू कारल्यासारखं झालं म्हणे. मालक दुसरीत शाळा सोडलेले, म्हणून लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात आलं. मला माणसांसमोर बोलता येत नव्हतं, पण कागदासमोर काय लाजायचं? पहिल्या आठवड्यात मी दोन्ही बाजूंनी भरून लिहिलं. मालक कोंबड्याच्या आधी उठले, चहाही न घेता निघाले, काट्यातून चालले, पायात काटा मोडला, तो मी सुईने काढला, भाकरी टोकाला नेऊन दिली, ती त्यांनी उभ्याने खाल्ली. मला वाटलं, वाचून साहेबांच्या डोळ्यांत पाणी येईल.

कागद परत आला. सगळ्यावर लाल रेघ मारलेली. "टोकाला पाणी पोचले" एवढंच शिल्लक होतं. खाली नव्या साहेबांनी लिहिलं होतं, "किती राबले ते नको. राबून काय झाले ते लिहा. काटा निघाला हे वाचून बरे वाटले."

मला राग आला. मालक हसले. "बघ, तुझ्या कादंबरीतलं नेमकं खरं तेवढं ठिवलं."

पाळी अर्ध्यावर आली तेव्हा एका दुपारी जीप आमच्या चौकीशी थांबली. नवे अधिकारी आणि निरीक्षक उतरले. मी पदर कपाळापर्यंत ओढून दारामागे उभी राहिले. निरीक्षकांच्या हातात दोन चाऱ्यांचे कागद होते आणि चेहऱ्यावर सण होता.

"बघा साहेब, पुलावरच्याचं भिजलेलं रान याच्यापेक्षा पुष्कळ जास्त. आणि तो कधीही बघा, जागेवर. हा आताही नाही."

अधिकाऱ्यांनी कागद बघितले. "त्याच्या चारीला पाणी किती आलं, ते कुठंय?"

"ते त्यानं लिहिलेलं नाही."

"यांनी लिहिलंय. वरून रोजच कमी आलंय." त्यांनी कागद निरीक्षकांच्या हातात परत दिले. "कमी पाण्यात कमी रान भिजणारच. जास्त पाणी घेऊन जास्त भिजवलं तर त्यात शेरा लिहिण्यासारखं काय? आपण सकाळी त्याच्या टोकाला जाऊन आलो, तिथं काय दिसलं?"

निरीक्षक घाम पुसू लागले. नंतर कळलं, की मारुतीच्या टोकाला एक म्हातारी शेतकरीण भेटली होती. साहेबांनी पाण्याचं विचारलं तर म्हणाली, "पाणी? माझ्या लग्नात आलतं, नवरदेवाच्या पायावर घालायला. त्यापरीस न्हाई." तोंडाच्या दोन बागाईतदारांचा ऊस दोन-दोनदा भिजला होता, आणि कागदावर तो दोनदा एकरात मोजला होता.

"पाटकरी कुठे आहेत?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मी हाताने टोक दाखवलं आणि पुढे चालू लागले. वाटेत मनात एकच, की आज तरी जागे असू द्या.

झोपले होते. बाभळीखाली, तोंडावर गमछा, एक पाय चारीत. घोरणं पार वरच्या बांधापर्यंत ऐकू येत होतं. मला धरणीमायने पोटात घ्यावं असं झालं, पोटातल्या पोरासकट.

निरीक्षक खूश झाले. "बघा!" म्हणून ओरडायला तोंड उघडणार, तेवढ्यात अधिकाऱ्यांनी हात वर केला. ते चारीकडे बघत होते. पाणी घोट्यावरून खाली सरकत होतं. टाच उघडी पडली, मग बोटं. मालकांनी एकदम गमछा झुगारला, पायाकडे बघितलं, आईबहिणीवरून एक कचकचीत शिवी हासडली, आणि फावडं खांद्यावर टाकून वरच्या अंगाला पळत सुटले. आम्ही तिघं हातभर अंतरावर उभे होतो, पण त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

अधिकारी तिथेच बांधावर बसले. निरीक्षक उभेच, कारण पँट पांढरी होती. बऱ्याच वेळाने चारीत पाणी पुन्हा वर चढलं. शेजारच्या ज्वारीतून शेतकरी बाहेर आला आणि साहेब बघून तक्रारीला लागला, की पाटकऱ्याने परवा माझी पाळी उशिरा दिली.

"पण दिली का?"

"दिली. पर उशिरा."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. मला वाईट वाटलं. इतकं झाल्यावर ही तक्रार कशाला? ते निरीक्षकांना म्हणाले, "शेऱ्यात हेही येऊ द्या. नुसतं गोड लिहिलं तर तो शेरा नव्हे, लग्नातली मंगलाष्टकं."

पाळी संपल्यावर निरीक्षकांनी शेरा लिहिला आणि चौकीवर येऊन वाचला. कमी पाणी येऊनही पाळी टोकापासून नियमाने चालवली. शेवटच्या शेतापर्यंत रान भिजले. फोडलेली चारी त्याच दिवशी बुजवली. एका शेतकऱ्याला पाळी उशिरा मिळाली, पुढे सुधारावे. वाचताना कुणी दात उपटत असल्यासारखं त्यांना होत होतं. शेवटी आपणहून म्हणाले, "झोपल्याचं लिहिलेलं नाही."

"लिवा की," मालक म्हणाले, "पायाचं बी लिवा मग."

मारुतीचा शेरा मी ऐकला नाही. पण पुढच्या पाळीत पूल रिकामा दिसला आणि बायांना चुकल्यासारखं झालं.

कापलेला पगार परत द्यावा असं अधिकाऱ्यांनी वर लिहिलं. ते कागद वर गेले, वरून खाली आले, पुन्हा वर गेले. पाणी टोकाला पोचतं त्यापेक्षा सरकारी कागदाला टोक गाठायला जास्त वेळ लागतो. पोर जन्मलं, बसायला लागलं, दुष्काळ पडला, तेव्हा बोलावणं आलं.

मी पोराला काखेत घेऊन बरोबर गेले. कचेरीत बाकावर बसवून ठेवलं. पंखा फिरत होता. मालकांना असा वारा जन्मात मिळाला नव्हता. थोड्या वेळात मान पडली आणि एक पाय बाकावरून खाली लोंबू लागला. त्यांना उठवायला कारकून आला, तर निरीक्षकच आडवे आले. "झोपू द्या," म्हणाले, "त्याचं काम चालू असेल."

मग रोखपालाने पावतीच्या तिकिटावर त्यांच्याऐवजी माझ्याकडून सही करून घ्यावी म्हटलं, पण ते नियमात बसेना. शेवटी पोराने बापाच्या पायाचं बोट धरून ओढलं. मालक दचकून उठले, जमिनीकडे बघून म्हणाले, "कोनी फोडलं?"

सगळी कचेरी हसली. त्यांनी डोळे चोळत सही केली. रोखपालाने कापलेल्या सगळ्या दिवसांचे पैसे एकदम हातात ठेवले, एक पैसा कमी नाही.