बुडत नाही ती नोट

दीपालीच्या हातात नोट द्या आणि मग तिचं तोंड बघा. बोलणं चालूच राहतं, पण डोळे आपोआप वर, ट्यूबलाइटकडे. लग्नातल्या आहेराचं पाकीट असो की भाजीवाल्याने परत केलेली दहाची चुरगळलेली नोट असो, बाई आधी ती उजेडाला धरणार, मग अंगठ्याने चोळणार, तेव्हा कुठे ती पर्समध्ये जाणार. घरच्यांनी नाद सोडलाय. सवय आहे, जात नाही, आता काय करता!

ही मूळची गडचांदूरची. वडील सिमेंटच्या कारखान्यात होते. लग्नाआधी तिथल्याच एका पतसंस्थेत काउंटरवर बसायची, लग्नानंतर चंद्रपूरला आली आणि धनराजभाऊंच्या ऑफिसात लागली. धनराजभाऊंचं काम दुहेरी. यात्रांच्या सहली काढायच्या, आणि रीतसर परवाना घेऊन परदेशी पैसे बदलून द्यायचे. त्यामुळे जिल्ह्यात कुणाच्या हातात अनोळखी नोट पडली की तिचा फोटो दीपालीच्या मोबाइलवर येऊन धडकतो. ताडोबातले गाईड तर नेहमीचेच गिऱ्हाईक. गोऱ्या पाहुण्याने खूश होऊन काहीतरी हातावर ठेवलेलं असतं, आणि ह्यांचा मेसेज, "ताई, हे कितीचं हाये?" देश सांगायचा, किंमत सांगायची, आणि नाणं असलं तर समजूत घालायची की बाबा रे, परदेशी नाणं आम्ही घेत नाही, पोराला खेळायला दे.

पण खरी का खोटी, असं कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं. "फोटोवर नोट ओळखता येते भाऊ, पारखता येत नाई. हातात आण." एवढं शहाणपण जवळ असूनही त्या दिवशी ती घसरलीच. तेच सांगायचंय.

सकाळी ऑफिस उघडून ती नुकती टेकली होती, तोच मोबाइल किणकिणायला लागला. फोटोवर फोटो. पाठवणाऱ्या रुखमाबाई, राजुऱ्याच्या. जन्मभर अंगणवाडीत मदतनीस होत्या, गेल्या वर्षी मोकळ्या झाल्या. बुद्धविहारातल्या मंडळींनी व्हिएतनामची सहल ठरवली, तेव्हा साठवलेलं सगळं बाहेर काढून ह्या निघाल्या. सहल धनराजभाऊंचीच. डॉलर दीपालीनेच दिले होते, आणि देताना दहादा बजावलं होतं की तिकडचे पैसे बँकेतूनच घ्या, रस्त्यावर कुणाजवळ बदलू नका. रुखमाबाईंनी मान हलवली होती. मान हलवायला काय लागतं!

फोटो असे, की काही धड दिसेना. पलंगपोसावर पसरलेल्या नोटा, वर अंगठा, बाजूला दोन नाणी, आणि सगळं हललेलं. त्याच्या मागोमाग रडका आवाज आला.

"दीपाली, मी फसली वो माय! हाटेलाच्या गेटाजवळ एक बाई होती, तिच्याजवळ बदलले. आता टोपीच्या दुकानात निळी नोट देल्ली तं पोरगी घेतच नाई. उलटीपालटी करून पाहे, दुसऱ्या बाईले दाखवे. माह्याकडं अशी पाहे जशी मी चोर हाओ. मले पोलीस नेईन का वो? संघपालभाऊले सांगू नको. बस येऊन राह्यली, त्याच्या आधी मी हे सारं संडासात टाकून देतो."

संघपाल म्हणजे सहलीबरोबर गेलेला ऑफिसचा माणूस, त्यालाच आधी सांगायला हवं होतं. पण रुखमाबाईंना लाज वाटत होती. दीपालीने थेट फोन लावला.

"मावशी, काही टाकू नका! आधी माह्यं ऐका. पांढरा टॉवेल घ्या. एक नोट, सरळ, एकटी. समोरून एक फोटो, मागून एक. मंग खिडकीच्या काचेले धरून एक. अंगठा दूर ठेवा."

फोटो येत गेले, आणि निम्मी भीती तिथेच निवळली. रुखमाबाईंच्या मते निळ्या नोटा सगळ्या सारख्या हव्या होत्या. त्यांत फरक दिसतो, म्हणजे एक तरी नकली. सगळ्यांवर एकाच दाढीवाल्या पुढाऱ्याचा चेहरा, मग दुसरं काय समजणार?

"शून्य मोजा मावशी. ही वीस हजारांची, गडद निळी, मागं छपराचा पूल हाये. आणि ही पाच लाखांची, मागं झाडीतलं घर हाये. दोन्ही निळ्या, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. तिकडं पुष्कळ लोक इथीच चुकतात."

"पाच लाख?" रुखमाबाईंचा आवाज चिरकला. "मी पाच लाख घेऊन हिंडून राह्यली?"

"त्यांचे पाच लाख. आपले दीड-दोन हजार." तिने नाणी पाहिली. "हे पितळेवानी नाणं तिथलंच, त्यावर एका खांबावरचं देऊळ हाये. खरं हाये, पण नाणी आता तिकडं कोणी चालवत नाई. दुसरं दोन रंगांचं थायलंडचं, बँकॉकले विमान बदललं तवा आलं असन. ठेवा आठवण म्हणून."

मग आली शेवटची नोट. टोपीच्या दुकानातल्या पोरीने परत केलेली तीच.

निळीच, पाच लाखांची. पण शेजारी ठेवलेल्या दुसरीपेक्षा चांगली बोटभर लहान! एका टोकाला जरा जास्तच, कडा वाकड्या. नोटेतली पारदर्शक खिडकी, जी दुसऱ्या नोटेत काचेसारखी स्वच्छ होती, ती इथे सुरकुतलेली.

धनराजभाऊ मागून वाकून बघत होते. "साइजच वेगळी हाये. नकली. विषय संपला. म्हणा फेकून द्या, उगाच लफडं नको."

आणि दीपालीच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, ही नकली दिसते."

खरं तर तो शब्द सुटायला नको होता. पण पतसंस्थेत शिकलेलं पहिलं वाक्य तेच होतं, माप चुकलं की नोट चुकली. पलीकडे हुंदका ऐकू आला, चपलांचा आवाज, आणि फोन बंद.

तिने पुन्हा लावला. उचलेना. पुन्हा लावला. काउंटरवर तिकीट घ्यायला आलेला माणूस "बाई, मी उभा हाओ ना," म्हणाला, त्याच्याकडे तिचं लक्षच नाही. तिच्या डोळ्यासमोर परक्या मुलखातल्या हॉटेलात एकटी बसलेली म्हातारी, आणि बाहेर उभी बस. काय करून बसेल कुणास ठाऊक!

हाताला चाळा हवा म्हणून तिने फोटो मोठा केला. आणि थांबली.

नोट कापून लहान झाली असती तर कडेची नक्षी गेली असती. इथे सगळी नक्षी जागेवर. लहान छापली असती तर चारी बाजूंनी सारखी लहान झाली असती. ही एकीकडे जास्त, एकीकडे कमी. खिडकीतला उठावाचा आकडासुद्धा होता, फक्त आक्रसलेला. हे छापताना झालेलं नाही. नंतर काहीतरी झालंय.

तेवढ्यात तिला आपल्या आईचा तवा आठवला. वडिलांच्या खिशात भिजलेली नोट आई गरम तव्यावर फडक्याखाली दाबायची. आणि हॉटेलच्या खोलीत रुखमाबाई ते काम कशाने करणार?

"अरे देवा! इस्त्री!"

धनराजभाऊ म्हणाले, "काय इस्त्री?"

"भाऊ, ती नोट कागदाची नाई, प्लॅस्टिकची हाये. प्लॅस्टिकले इस्त्री लावली तं काय होईन?"

धनराजभाऊ खुर्ची ओढून पुन्हा फोटोवर वाकले. दीपालीने संघपालचा नंबर काढला. लाज गेली खड्ड्यात, म्हातारी जाऊ नये. पण तो लावायच्या आधीच रुखमाबाईंचा फोन आला.

"पोरी," आवाज दमलेला, "हे नोट फाडाले गेली तं फाटत नाई. पाण्यात टाकली, साखळी ओढली, तं वर येते. दोनदा ओढली. बुडतच नाई वो!"

"मावशी, काढा ती बाहेर! काढा, धुवा, पुसा. आधी मले सांगा, ती भिजली होती का?"

पलीकडे नळाचा आवाज. मग, "काल बटव्यातच पाऊस लागला. सारे ओले झाले. खोलीत इस्त्री होती. वरच्या नोटेवर वर्तमानपत्राचा कागद ठेवून फिरवली... आकसली तं बाकीच्या नाई केल्या. त्याच्यानं दुकानात अडन, हे ध्यानातच नाई आलं. घरी तं मी नेहमी करतो."

दीपालीला हसूही आलं आणि रडूही. पण ह्या खेपेला ती घाईने बोलली नाही. एकदा तोंड पोळलं होतं. "फाटत नाई म्हणता ना? खोटं प्लॅस्टिक बहुतेक वेळा ताणलं जाते, फाटते. आता तुमचं बोट लावा. तांदळात खडा शोधता ना, तसं. चेहऱ्यावरून फिरवा. खरखर लागते?"

"लागते."

"खिडकीकडं धरा. कोऱ्या जागेत चेहऱ्याची सावली दिसते?"

"दिसते. वाकडी हाये, पण दिसते."

"आता हलवत हलवत माह्याकडं व्हिडिओ करा." व्हिडिओ आला. नक्षीचा एक तुकडा गुलाबीवरून हिरवा झाला, परत गुलाबी झाला.

"मावशी, माह्या नजरेनं तं खरी वाटते. खरेपणाचा शिक्का बँकेतच लागन. संघपालभाऊले सांगा, तो तुम्हाले तिथं नेईन. गरमीनं आकसलेली नोट बँक बदलून देते, खुणा ओळखू येत असल्या की. आणि हो, इस्त्रीले हात लावू नका."



"दीपाली, मंग तू पयले काऊन नकली म्हणली?"

"चुकली मी," दीपाली म्हणाली.

दुपार गेली कशी ते तिलाच ठाऊक. प्रत्येक मेसेजला जीव वर खाली. संध्याकाळी, ऑफिस बंद करायच्या सुमारास, एक फोटो आला. पांढरा टॉवेल, त्यावर नवी निळी नोट, सरळ, एकटी, अंगठा दूर. मग मागची बाजू. मग खिडकीला धरलेली. शिकवलं होतं तस्संच. शेवटी आवाज.

"बँकेतली पोरगी हसली. बदलून देल्ली. संघपालभाऊ काही रागावला नाई." मग जरा हळू, "नोट खरी होती पोरी. मीच दिवसभर स्वतःले चोर समजून बसली होती."

दीपालीने फोटो उघडला आणि सवयीप्रमाणे मोबाइलच ट्यूबलाइटकडे धरला. मग तिचं तिलाच कळलं, आणि तिने तो खाली घेऊन छातीशी धरला.